भट्टी सोडण्याचं कारण

भट्टीवर जाणाऱ्या माणसाच्या घरात ‘भीती’ हा शब्द काढायचा नसतो, हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं. डबा भरता भरता मी सहज विचारलं होतं, “अहो, एवढ्या तापलेल्या लोखंडाजवळ उभं राहायला भीती नाही का वाटत?” सासूबाईंच्या हातातली भाकरी तशीच परातीत पडली. मी जसं काही उंबऱ्यावर बसून शिंकले होते, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे बघितलं. भागवत त्या दिवशी कामावर गेले नाहीत. एका शब्दापायी पगार कापून घेणारा इंजिनिअर नवरा मला मिळाला होता. मी हसले. तेव्हा हसायला येत होतं.

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळया करणारे कारखाने पुष्कळ. त्यातल्या एका मध्यम कारखान्यात भागवत भट्टीचे शिफ्ट इंजिनिअर. केदारखेड्याच्या शेतकऱ्याचं पोरगं मेटलर्जी शिकलं आणि विजेच्या भट्टीवर जाऊन उभं राहिलं. भट्टी जमिनीपासून उंच, तिच्या तोंडाशी लोखंडी माची. माचीवर चार-पाच जण लांब सळ्या घेऊन उभे राहतात आणि वरून क्रेननं भंगार आत सोडतात. त्या माचीवरचा एक जुना रिवाज भागवतनीच मला सांगितला. भट्टीच्या तोंडाशी उभं राहून कुणी मोठ्यानं ‘मला भेव वाटतंय’ असं म्हणालं, तर तो मोठा अपशकुन. मग आत आहे तो वितळलेल्या लोखंडाचा रस ओतून भट्टी रिकामी करायची, नारळ फोडायचा, आणि तोवर कुणी आत खिळासुद्धा टाकायचा नाही. म्हणून कुणी म्हणतच नाही. जीव घाबरला तर ‘आज पोट बराबर न्हाई’ म्हणतात आणि सळई दुसऱ्याच्या हातात देतात.

मागच्या दिवाळीनंतर रखमाजी गेला, तेव्हापासून आमच्या घरातही रोज सगळ्यांचंच पोट ‘बराबर’ नसायचं. रखमाजी माचीवरचा सगळ्यात जाणता माणूस. भंगाराच्या एका दाबलेल्या गठ्ठ्यात पाणी राहिलं होतं. तो गठ्ठा रसात गेला, पाण्याची क्षणात वाफ झाली आणि भट्टीनं तो रस वर फेकला. भागवत तेव्हा खाली होते. रखमाजीला त्यांनीच उचलून गाडीत घातलं. चौथ्या दिवशी तो दवाखान्यातच वारला, आणि कागदावर लिहिलं गेलं की कामगाराच्या निष्काळजीपणामुळे. त्यानंतर भागवत ताटात हात धुवायचे आणि जेवलेच नाहीत हे त्यांच्या लक्षात यायचं नाही. मी रोज त्यांना दारापर्यंत सोडायची आणि वर्गात धडा शिकवताना मध्येच थांबायची. मी हायस्कूलला इंग्रजी शिकवते. पोरं म्हणायची, मॅडम, पुढचं सांगा ना.

मला एकच पाहिजे होतं. हा माणूस जिवंत त्या माचीवरून खाली उतरावा.

भागवतनी स्वतःच वाट शोधली. परराज्यातल्या एका संस्थेत औद्योगिक सुरक्षेचा दोन वर्षांचा मास्टर्सचा कोर्स होता, आणि कामाचा अनुभव असलेल्यांना त्यात थोड्या जागा. गुण, दाखले, अनुभवाचं पत्र, सगळं अपलोड झालं. अडलं ते एका परिच्छेदावर. संस्थेनं स्पष्ट लिहिलं होतं: उद्देश-निवेदनात एका परिच्छेदात सांगा की तुम्ही आतापर्यंतचं क्षेत्र का बदलताय, आणि ही दोन वर्षं काय शिकायला आणि कशासाठी वापरणार आहात. बाकी सगळ्यांचे गुण सारखेच असतात म्हणे, मुलाखतीला बोलावतात ते हा परिच्छेद वाचून. रविवारी संध्याकाळी मुदत संपत होती, आणि रविवारी सकाळी भागवतनी मला जे दाखवलं त्याचं पहिलं वाक्य होतं, ‘लहानपणापासूनच मला सुरक्षेची अत्यंत आवड आहे.’

“लहानपणी तुम्ही डोळे झाकून विहिरीत उड्या मारायचात,” मी म्हणाले. “तुमच्या आत्यानं सांगितलंय मला. ही आवड कुठून उगवली?”

“सगळे असंच लिहितात. नेटवर बघितलं मी.”

“म्हणूनच ते वाचणाऱ्याला झोप येते. आवड राहू द्या. तुम्ही चांगली चालू असलेली नोकरी सोडताय. का सोडताय ते सांगा.”

“करिअरमधे ग्रोथ पाहिजे म्हणून.”

“मग प्रमोशन मागा, कोर्स कशाला?”

भागवत चिडले. सासूबाई, म्हणजे तुळजाबाई, केदारखेड्याहून आल्या होत्या आणि लसूण सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आगं, तो काय तुझ्या शाळंतला पोरगा हाय का? त्याला काय ल्ह्यायचं ते ल्हिऊ दे.”

पण मी काही सोडणाऱ्यातली नाही. ‘का’ सुटत नव्हता, म्हणून दुसऱ्या टोकानं धरलं. म्हटलं, कारण राहू द्या, आधी अभ्यासाचा आराखडा लिहू. पहिल्या वर्षी काय? धोका ओळखायच्या पद्धती, आग आणि स्फोटाचं शास्त्र, कारखान्यांचा कायदा. हे त्यांनी अभ्यासक्रम वाचून भराभर सांगितलं. दुसऱ्या वर्षी प्रकल्प. कशावर?

“भंगाराच्या तपासणीवर,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज माणसासारखा आला. “छोट्या भट्ट्यांमधे ओला माल कसा ओळखायचा, त्याच्यावर.”

“नुसतं तपासणी म्हणून चालत नाही. आज ती कशी होते ते एका वाक्यात लिहा, मग तुम्ही त्यात काय बदलणार ते लिहा. नाहीतर त्यांना कसं कळणार की तुम्हाला प्रश्न माहीत आहे?”

ते लिहायला लागले. मी मागं उभी राहून वाचत होते. ‘आमच्याकडे पावसात भिजलेला माल वेगळा ठेवतात. तो वापरायचाच झाला तर रिकाम्या भट्टीत तळाला घालतात, वितळलेल्या रसावर कधीच घालत नाहीत. माल ओला आहे की कोरडा, हे यार्डातला माणूस डोळ्यांनी बघून ठरवतो. दाबलेला गठ्ठा उन्हात बाहेरून वाळतो, पण आतमध्ये पाणी—’

तिथं पेन थांबलं. मला वाटलं शब्द अडला. सांगते, मी खरंच एखादा चांगला शब्द शोधत होते.

“परवा गारा पडल्या,” भागवत म्हणाले.

“हो. मग?”

“शेडचे पत्रे उडाले व्हते. गठ्ठे भिजले. मी इजहारला सांगितलं व्हतं, तो ढीग हलवायचा न्हाई.” इजहार म्हणजे यार्डात माल बघणारा. “इजहार काल अंबडला गेला. भाचीचं लग्न हाय त्याच्या.”

“मग आज यार्डात कोण बघतंय?”

त्यांनी पेन खाली ठेवलं. काल आणि आज कडक ऊन पडलं होतं. बाहेर वाळत घातलेले कपडे तासाभरात वाळत होते. गठ्ठेही वरून वाळले असणार, खडखडीत. बघणाऱ्याला शंका यायचं काही कारण नव्हतं.

भागवतनी राजानंदला फोन लावला. राजानंद त्या दिवसाचा शिफ्ट इंजिनिअर. घंटी वाजत राहिली. माचीवर चढताना फोन खालच्या पेटीत ठेवून जायचा नियम आहे, सुरक्षेसाठी! नंतर मॅनेजरला लावला. त्यानं उचलला, ऐकलं, आणि म्हणाला की सुट्टीच्या दिवशी घरी बसून कारखाना चालवू नका, रोजच्यासारखाच कोरडा माल चाललाय. मग भागवतनी गेटवर फोन केला. गेटवरचे ख्वाजामियाँ म्हणाले, “साब, मेरेकू अंदर का क्या मालूम. क्रेन तो चालू है. गठ्ठेच उठा रहे सुबह से.”

भागवतनी चप्पल घातली. सासूबाई उठून उभ्या राहिल्या, मांडीवरचा लसूण सगळा खाली सांडला.

“न्हाई जायाचं,” त्या म्हणाल्या. “तुझी सुट्टी हाय. ज्याचं काम त्यो बघल.”

“आई, वर पाच माणसं हायेत.”

“अन् तू सहावा का?”

खरं सांगू? मीही तेच म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. रखमाजीची बायको दवाखान्याच्या पायरीवर कशी बसली होती ते मी बघितलंय, आणि मला तिच्या जागी बसायचं नव्हतं. पण पाच माणसं म्हटल्यावर मला त्या पाचांच्या बायका दिसल्या. मी गाडीवर मागे बसले. त्यांनी ‘उतर’ म्हटलं, मी उतरले नाही, आणि भांडायला वेळ नव्हता.

रस्ताभर मी आकाशाकडे बघत होते. एमआयडीसीच्या बाजूला धूर रोजच असतो, पण त्या दिवशी प्रत्येक धूर मला वेगळा वाटत होता. हा कशाचा, तो कशाचा.

गेटवर ख्वाजामियाँनी मला अडवलं. बाईमाणसाला आत सोडायची परवानगी नव्हती. भागवत पळत आत गेले. हेल्मेट तरी घातलं का, हे मी ओरडून विचारलं, पण भट्टीच्या घुमण्यात माझा आवाज मलाही ऐकू आला नाही. ख्वाजामियाँनी त्यांची खुर्ची पुढे केली. मी बसले नाही.

गेटमधून शेडची एक बाजू उघडी दिसते. माची दिसत होती, वरची माणसं दिसत होती, आणि भट्टीच्या तोंडाचा तो पिवळा उजेड, भर दुपारीही दिसणारा. क्रेनला एक गठ्ठा लटकत होता. तो हळूहळू सरकत होता. मी देवाची नावं घ्यायला लागले आणि एकही नाव पुरं होईना.

भागवत शिडी चढून वर पोचले. राजानंदशी काहीतरी बोलले. राजानंदनं हात उडवला, गठ्ठ्याकडे बोट केलं, मग खाली मॅनेजरच्या केबिनकडे बोट केलं. नंतर मला कळलं की तो म्हणत होता, ‘भागवतराव, माल मी हात लावून बघितला, वाळलेला हाय. भट्टी अशी अर्धी थांबवली तर साहेब मला घरी बसवतील. लेखी आणा.’ त्याचंही चूक नव्हतं. त्याला सांगितलेलं तो करत होता, आणि हात लावल्यावर गठ्ठा खरंच कोरडाच लागतो.

क्रेन पुन्हा सरकली. मी ख्वाजामियाँचा हात धरला, एवढंच मला आठवतं. परक्या माणसाचा हात. त्यांनीही सोडवला नाही.

मग भागवत सगळ्यांच्या पुढे गेले, थेट भट्टीच्या तोंडाशी, जिथं रखमाजी उभा राहायचा. त्यांनी तोंडाला बांधलेलं फडकं खाली ओढलं. त्यांचं तोंड हललं. मला शब्द ऐकू आले नाहीत, पण सळ्या घेतलेली चारही माणसं एकदम मागे सरकली. एकानं सळई खाली ठेवली. दुसऱ्यानं ठेवली. क्रेनवरच्या माणसाला कुणी काही सांगितलं नाही, तरी गठ्ठा हवेतच थांबला. राजानंद ओरडत होता, हात हलवत होता, आणि कुणी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हतं.

“क्या बोले साब?” ख्वाजामियाँनी मला विचारलं, आणि त्यांनाच उमगलं. त्यांनी हात आभाळाकडे नेले. “या अल्लाह. बोल दिया उन्होंने.”

भागवत माचीवर बोलले होते, “मला भेव वाटून राह्यलं.” शिकलेला, टायवाला, मोजपट्टी घेऊन फिरणारा इंजिनिअर, पोरांसारखा मोठ्यानं बोलला होता. लेखी आदेशानं जे झालं नसतं ते त्या वाक्यानं झालं.

मग रिवाजाप्रमाणे सगळं झालं. विजेचा जोर कमी केला, आत होता तेवढा रस ओतून घेतला, भट्टी रिकामी केली. कुणीतरी नारळ आणला. गठ्ठे पटांगणात नेऊन क्रेननं उंचावरून आपटले, म्हणजे ते सुटावेत. बरेचसे कोरडेच निघाले. दोन-तीन गठ्ठ्यांच्या पोटातून गंजलेलं तांबडं पाणी वाहिलं. राजानंद ते पाणी बघत बराच वेळ उभा होता. मॅनेजर केबिनमधून बाहेर आला, त्यानंही बघितलं. म्हणाला, “एवढ्याशा पाण्यानं काय होत नसतं.” आणि भागवतना म्हणाला, “इंजिनिअर असून अंगारेधुपारे करता. एका दिवसाचं उत्पादन गेलं. उद्यापासून येऊ नका, मी कळवतो.”

गेटवर परत आले तेव्हा त्यांचा शर्ट भिजून अंगाला चिकटला होता. मी त्यांना रस्त्यातच, ख्वाजामियाँच्या देखत, मिठी मारली. जालन्यात अशी मिठी मारत नाहीत.

घरी सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. नोकरी गेल्याचं ऐकून त्या म्हणाल्या, “गेली तर गेली. भोकरदनला दुकान टाकीन पर तिथं जाऊ देणार न्हाई.” आणि मग आत जाऊन रडल्या. मुदत संपायला थोडाच वेळ उरला होता. मी म्हणाले, राहू द्या, पुढच्या वर्षी भरू. भागवत म्हणाले, “न्हाई. बस. मी मराठीत सांगतो, तू इंग्रजीत कर.”

ते उभे राहूनच सांगत होते, आणि मी टाईप करत होते. पुन्हा एकदाही ‘का’ विचारावं लागलं नाही.

“मी मेटलर्जीचा इंजिनिअर आहे आणि आजवर फक्त लोखंड वितळवलं आहे. मी उत्पादन सोडतोय, कारण मला भीती वाटते आणि आमच्या कामात ती सांगायला जागा नाही. ओला माल ओळखायला आमच्याकडे डोळ्यांशिवाय साधन नाही, आणि काम थांबवायला अपशकुनाशिवाय नियम नाही. पहिल्या वर्षी मला धोका ओळखण्याच्या पद्धती, स्फोटाचं शास्त्र आणि कायदा शिकायचा आहे, म्हणजे मला जे नुसतं वाटतं ते सिद्ध करून दाखवता येईल. दुसऱ्या वर्षी प्रकल्प म्हणून मी छोट्या भट्ट्यांसाठी भंगाराची अशी तपासणी बसवून बघेन, जी यार्डातला माणूस स्वस्तात आणि रोज करू शकेल, आणि शंका आली तर कुठल्याही कामगाराला माल थांबवता येईल. शिकून मी जालन्यालाच परत येणार आहे. आज मी एक गठ्ठा भट्टीत जाऊ दिला नाही. काहीही झालं नाही.”

मी टाईप करायची थांबले. माझ्यातली मास्तरीण जागी झाली. भीतीचं वाक्य मला बरोबर वाटत होतं, पण हे शेवटचं? अर्जात लोक काय केलं ते लिहितात, किती वाचवलं, किती वाढवलं. हे वाचून ते म्हणतील, याच्याकडे दाखवण्यासारखं काहीच नाही. आणि जागा मिळाली नाही तर? मॅनेजरनं पुन्हा बोलावलं तर? भागवत पुन्हा त्या माचीवर चढतील.

“शेवटचं वाक्य काढू का?” मी विचारलं. “अहो, ‘काहीही झालं नाही’ म्हणजे त्यांना काय कळणार?”

भागवत खिडकीशी उभे होते. माझ्याकडे वळले नाहीत.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “रखमाजीच्या बायकोला विचार, या वाक्याची किंमत काय हाय.”

मी ते वाक्य इंग्रजीत लिहिलं. दोनच शब्द लागले. मग अर्ज पाठवला, आणि किती तरी वेळ टेबलाची कड घट्ट धरून बसून राहिले.